कान वेगळे, टाळू वेगळी

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक हुक आहे आणि हिवाळाभर त्या एकाच हुकला तीन गोष्टी लटकत असतात. एक जाड लोकरीची बीनी, एक फ्लीसचा हेडबँड आणि एक इअर वॉर्मर, तो डोक्याच्या मागून जाणारा, फक्त कान झाकणारा. बरीच वर्षं माझा हिशोब एकदम सरळ होता. फोनवर टेम्परेचर बघायचं, शून्याच्या बरंच वर असेल तर इअर वॉर्मर, शून्याच्या आसपास हेडबँड आणि त्याखाली गेलं की बीनी. ऐकायला शहाणपणाचंच वाटतं ना? पण या हिशोबाने मी सलग दोन हिवाळे कुडकुडलो, आणि गंमत म्हणजे टोपी घालून, आतून घामाघूम होऊन कुडकुडलो.

झालं असं की एका सकाळी उणे ३ होतं म्हणून हिशोबाप्रमाणे बीनी चढवली आणि पळायला गेलो. आठ किलोमीटर, साधारण पन्नास मिनिटं. पहिली दहा मिनिटं स्वर्ग, मग डोकं गरम व्हायला लागलं, मग कपाळावरून घाम डोळ्यात, पण म्हटलं असू दे, उणे ३ आहे, टोपी काढली तर सर्दी होईल. (सर्दी व्हायरसने होते हे मला माहितीये, पण लहानपणी कानात बसलेली वाक्यं अशी निघत नाहीत.) पळून झाल्यावर मित्राला भेटायचं होतं, तो पंचवीस मिनिटं लेट. पहिली पाच मिनिटं काही वाटलं नाही, उलट छान वाटलं. दहाव्या मिनिटाला मान आणि डोक्याची मागची बाजू गार पडायला लागली आणि विसाव्या मिनिटाला मी तिथे उभा राहून दात वाजवत होतो. मित्र आला आणि म्हणाला, "अरे टोपी आहे ना तुझ्या डोक्यावर, मग एवढा काय थरथरतोयस?"

तोच तर प्रश्न होता. घरी येऊन ती बीनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. बायकोने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं ते इथे लिहीत नाही. कोरडी असताना हीच टोपी ८० ग्रॅम भरली होती, आता ११४. म्हणजे ३४ ग्रॅम घाम मी डोक्यावर घेऊन उभा होतो, आणि हाताला ती टोपी चिंब वगैरे लागत नव्हती, नुसती ओलसर.

लोकरीचा हा स्वभाव मला तेव्हा नीट कळला. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ओलावा वाफेच्या रूपात तंतूच्या आत घेऊन ठेवते आणि वरून फारशी ओली लागत नाही. ८० ग्रॅमच्या टोपीत चोवीस-पंचवीस ग्रॅम घाम असाच गुपचूप मुरतो, त्याच्या पुढचा तेवढा हाताला लागतो. "लोकर ओली झाली तरी ऊब देते" असं सगळे सांगतात आणि ते बऱ्यापैकी खरं आहे, कारण तंतू कुरळे असतात, ओले झाले तरी एकदम चपटे होत नाहीत, मधली हवा टिकून राहते. पण कोणी हे सांगत नाही की मुरलेलं पाणी कधीतरी बाहेर पडणारच आणि पडताना उष्णता मागणारच. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या पाचपट, किंबहुना थोडी जास्तच, त्या ग्रॅमची वाफ व्हायला लागते, आणि डोक्यावरच्या टोपीतलं पाणी ती मागणार कोणाकडे, बऱ्याच अंशी डोक्याकडेच. पळत असताना ही उधळपट्टी परवडते, उभं राहिलं की नाही.

आता सगळा खेळ शरीराच्या भट्टीचा आहे. शांत बसलेला मोठा माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. भरभर चालायला लागला की शरीराचा खर्च चारशेच्या आसपास जातो, आणि ताशी दहा किलोमीटरने पळाला की हजारच्या घरात, त्यातला मोठा भाग उष्णता म्हणूनच बाहेर पडतो. म्हणजे बाहेर तेच उणे ३ असताना आतली भट्टी दहापट कमी-जास्त होते. मी मात्र फोनवरचा एकच आकडा बघून एकच टोपी निवडत होतो, हे म्हणजे गॅस बारीक आहे की मोठा हे न बघता भांड्यावर झाकण ठेवण्यासारखं झालं.

आणि इथे ती जुनी गोष्ट आडवी येते, की शरीराची अर्धी उष्णता डोक्यातून जाते. माझ्याही डोक्यात ती पक्की होती, म्हणूनच मी टोपी काढत नव्हतो. अमेरिकन लष्कराच्या १९७० च्या एका मॅन्युअलमध्ये ४० ते ४५ टक्के असा आकडा होता म्हणे आणि तो जगभर फिरला. साधी गोष्ट बघा, डोक्याचं क्षेत्रफळ अख्ख्या शरीराच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे, आणि सगळं अंग सारखंच उघडं असेल तर उष्णतासुद्धा साधारण तेवढ्याच हिशोबाने जाते. बाकी अंगावर जाड कपडे आणि डोकं तेवढं उघडं असेल तर अर्थातच डोक्याचा वाटा मोठा दिसणार, दुसरं दार उघडंच नाही ना.

पण म्हणून टोपी फालतू आहे असंही नाही, इथे लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात. हातापायांची बोटं गार पडली की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त कमी जातं, शरीर कंजूसपणा करतं. टाळूच्या कातडीत हा कंजूसपणा फारसा होत नाही, तिथे थंडीतसुद्धा रक्त बऱ्यापैकी वाहत राहतं. त्यामुळे स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाचं उघडं डोकं ही खरोखरची गळती आहे, १०० वॅटच्या कमाईत ती जाणवते. आणि पळणाऱ्या माणसाला हीच गळती हवी असते, कारण हजार वॅट कुठेतरी टाकायचेच आहेत आणि टाकायला डोक्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, जॅकेट काढून कमरेला बांधत बसावं लागत नाही. एकच टाळू, उभं असताना झाकायची आणि पळताना उघडी ठेवायची. हे डोक्यात (म्हणजे आतल्या बाजूने) बसल्यावर माझं अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं म्हणजे कान. कान हा वेगळाच प्राणी आहे. कूर्चा, त्यावर पातळ कातडी, पाळी सोडली तर चरबी जवळपास नाही, स्नायूही नावापुरते, आणि दोन्ही बाजूंनी वारा लागतो. तुम्ही पळा नाहीतर उड्या मारा, कान स्वतः काही उष्णता तयार करत नाही, त्याला जे मिळतं ते रक्तातून. पंधरावीस मिनिटं पळल्यावर शरीर तापलं की रक्त कानाकडे यायला लागतं, कान लाल होतात, मग बरं वाटतं, पण त्याआधीची जी दहा-पंधरा मिनिटं असतात ती कान दुखवणारी. शिवाय वारा. हवा अगदी स्तब्ध असली तरी पळताना तुम्ही स्वतःचा वारा स्वतः तयार करता. विंड चिलच्या गणिताने बघितलं तर उणे ३ ला ताशी १० किलोमीटरचा वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे ७ सारखं, आणि सायकलवर ताशी २५ असेल तर उणे १० सारखं. जितके जोरात जाल तितकी टाळू गरम आणि कान गार, एकाच डोक्यावर दोन ऋतू.

म्हणून हेडबँड. खरं सांगायचं तर मला हा प्रकार आधी अर्धवट वाटायचा, टोपी घ्यायला कापड कमी पडलं की काय असा. बायको मात्र पहिल्यापासून हेडबँडवाली, तिचे केस दाट, पोनी वरून बाहेर काढता येते आणि केसांचंच पांघरूण टाळूवर असतं. माझ्याकडे त्या बाबतीत आता फारसं काही उरलेलं नाही, त्यामुळे वाटायचं आपल्याला जमणार नाही. पण पळताना जमतं, मस्त जमतं. कान आणि कपाळ झाकलेलं, वरचं धुराडं उघडं. वाऱ्याने कपाळ ठणकण्याचा प्रकार ज्यांना होतो त्यांना ती पट्टी किती सुखाची वाटते ते विचारा. त्याच उणे ३ मध्ये तेच आठ किलोमीटर हेडबँड लावून पळालो, परत वजनकाटा काढला. ३८ चा ४५ झाला होता, सातच ग्रॅम. फ्लीस म्हणजे पॉलिस्टर, त्याच्या तंतूत पाणी जवळपास शिरतच नाही, जे असतं ते तंतूंच्या मधे अडकलेलं, मुठीत घट्ट पिळला की बरंचसं निघून जातं. लोकरीच्या टोपीला पिळलं तर मुरलेलं पाणी निघत नाही, फक्त टोपीचा आकार जातो.

पण हेडबँडने मला एकदा चांगलाच धडा दिला, तोही माझ्याच आळशीपणामुळे. त्या दिवशी उणे ८ आणि बऱ्यापैकी वारा. माझा पहिला हेडबँड अरुंद होता, जेमतेम सहा सेंटिमीटर, आणि सैलही झालेला. पळताना तो हळूहळू वर सरकत गेला आणि कानाच्या पाळ्या बाहेर आल्या. आधी पाळ्या दुखत होत्या, मग दुखायच्या थांबल्या, आणि मला वाटलं चला, कान गरम झाले. सोबतच्या मित्राने थांबवलं, "थांब थांब, तुझी डावी पाळी पांढरी दिसतेय." हात लावला तर मेणासारखी गुळगुळीत, आणि माझाच कान असून मला स्पर्श कळत नव्हता. दुखणं थांबणं ही चांगली खूण नसते, उलटीच असते. नशिबाने पाळी अजून मऊ होती, दाबली की दबत होती, म्हणजे फ्रॉस्टनिप, गोठण्याची आधीची पायरी. हातमोजा काढून उबदार तळवा नुसता कानावर धरून ठेवला, चोळलं नाही, चोळल्याने अशी कातडी आणखी दुखावते. पाच-सात मिनिटांनी रंग परत आला आणि त्याबरोबर अशा झिणझिण्या आणि अशी आग, की मी रस्त्यात उभा राहून शिव्या घातल्या. त्यानंतर दोन दिवस कान लाल होता, बाकी काही नाही. पाळी कडक लागली असती किंवा रंग परत आलाच नसता किंवा फोड आले असते तर मात्र ते घरी बघायचं काम नव्हतं, सरळ डॉक्टर.

तेव्हापासून हेडबँड घेताना मी रंग बघत नाही, रुंदी बघतो. कानावरच्या भागात दहा सेंटिमीटरच्या आसपास हवी, पुढे कपाळावर थोडी कमी चालते. घालून आरशासमोर उभं राहायचं, पाळी पूर्ण आत आहे ना ते बघायचं, मग जबडा उघडझाप करायचा, मान दहा वेळा डावी-उजवी हलवायची, लोक बघत असले तरी. सरकला तर पळताना नक्की सरकणार. आणि दुसरं टोक म्हणजे फार घट्ट, त्याने कपाळभर दाबल्यासारखं डोकं दुखतं, चष्मा असेल तर काड्या कानामागे रुततात. काढल्यावर तासाभरात ते दुखणं थांबलं तर समजायचं पट्टीच घट्ट आहे, थंडीला दोष देऊ नका. आणखी एक टेस्ट मला फार आवडते, हेडबँड तोंडासमोर धरायचा, दुसऱ्या बाजूला तळवा ठेवायचा आणि जोरात फुंकायचं. साध्या फ्लीसमधून फुंकर आरपार तळव्याला लागते, म्हणजे वाराही तसाच कानाला लागणार. वाऱ्याच्या दिवसासाठी कानावर आतून वारा अडवणारा पातळ थर असलेला हेडबँड चांगला, पण तो थर कपाळावरही असेल तर तिथे घाम साचतो. थर फक्त कानावर, एवढंच बघायचं. विणलेली बीनीही या टेस्टमध्ये सपशेल नापास होते, फुंकर चाळणीतून गेल्यासारखी जाते. म्हणूनच बीनीची खालची दुमड नुसती फॅशनची नसते, दुमडली की बरोबर कानावर लोकरीचा डबल थर येतो. दुमड उलगडून टोपी लांब करून घालणारे लोक दिसले की मला सांगावंसं वाटतं, पण मी गप्प बसतो.

इअर वॉर्मरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि मला तो पळायला अजिबात चालत नाही. त्याचा पट्टा डोक्यामागे असतो, तो कॉलरला लागतो, प्रत्येक पावलाला टक टक, आणि कप हलला की मधून वारा शिरतो. कपाळ उघडं राहतं ते वेगळंच. पण शून्याच्या वर, ४-५ डिग्री, वारा बोचरा आणि आपल्याला दहा मिनिटं चालत कुठेतरी जायचंय, आत गेल्यावर गरम आहे, परत बाहेर, परत आत, अशा दिवसाला त्याच्यासारखं काही नाही. काढून खिशात टाकला, केस जसेच्या तसे. शिवाय हवा शून्याच्या वर असेल तर वारा कितीही असो, कान गोठत नाही, वारा कातडीला हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, दुखतं मात्र भरपूर. म्हणजे तिथे प्रश्न त्रासाचा आहे, इजेचा नाही, आणि त्रासाला एवढं उत्तर पुरतं. एकच गोष्ट, जाड कपांनी मागून येणारी गाडी नीट ऐकू येत नाही. रस्ता ओलांडताना मी एक कप मागे सरकवतो, विचित्र दिसतं, दिसू दे.

सायकलवाल्यांसाठी तर हा प्रश्न हेल्मेटच सोडवतं. हेल्मेटखाली जाड बीनी घातली की हेल्मेट वर बसतं, पट्टे नीट लागत नाहीत, आणि पडलात तर ते जागेवर राहील याची खात्री नाही. पातळ हेडबँड किंवा पातळ टोपी, बास. इअर वॉर्मरचा पट्टा मागे हेल्मेटच्या कडेशी भांडतो.

खरी गोची होते ती चालण्यात. पळणं सोपं आहे, उभं राहणं सोपं आहे, पण तासभर भरभर चालायचं, मधे चढ, मग उतार, मग कोणीतरी भेटलं म्हणून थांबलं, इथे भट्टी सारखी खालीवर होत असते. मी इथे बीनीच घालतो, पण तिच्याशी खेळत राहतो. निघताना पूर्ण खाली, कानावर दुमड. दहा मिनिटांनी किंवा चढ लागला की मागची बाजू वर सरकवून टाळूवर नुसती टेकवायची, कान उघडे. तरी गरम होत असेल तर सरळ काढायची, आणि काढायची वेळ कधी तर घाम यायच्या *आधी*. कपाळाच्या कडेला, जिथे टोपीची किनार टेकते तिथे बोट घालून बघायचं, उबदार आणि कोरडं असेल तर ठीक, चिकट लागलं की उशीर झाला. ओली टोपी काढण्यात फारसा अर्थ नसतो, कारण परत घालायची वेळ येते तेव्हा ती ओलीच असते आणि वर गारही झालेली असते. कडाक्याची थंडी असेल तर मात्र टोपी काढून कान उघडे टाकायचे नाहीत, तेव्हा आत पातळ हेडबँड आणि वर बीनी, बीनी काढली तरी कान झाकलेले राहतात. माझ्या मते अर्ध्या हिवाळ्याचं उत्तर ही जोडीच आहे, तिसरं काही विकत घ्यायची गरज नाही.

पळण्यातही आता तेच करतो. डोक्यावर हेडबँड आणि जॅकेटच्या आतल्या खिशात बीनी, बाहेरच्या नाही, आतल्या, म्हणजे ती कोरडीही राहते आणि अंगाच्या उबेने गरमही असते. पळणं थांबलं की घड्याळ बंद करायच्या आधी हेडबँड काढून पिळायचा, कपाळ आणि मान पुसायची आणि बीनी घालायची. हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत, कारण थांबल्यावर भट्टी पटकन उतरते पण घाम लगेच थांबत नाही, तो आणखी काही मिनिटं येतच राहतो, आणि त्या काही मिनिटांत आपल्याला इतकं छान वाटत असतं की टोपीची आठवणच होत नाही. त्या मित्राला परवा परत भेटलो, तसंच उणे ३-४ असेल, तो नेहमीप्रमाणे लेट, या वेळी वीस मिनिटं. मी आरामात उभा होतो. बोटं गार पडली होती, पण तो हातमोज्यांचा विषय.

बीनीचं पुढे काय झालं तेही सांगतो. घामाचा वास मारायला लागली म्हणून मी ती बाकीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात मशीनला टाकली. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकत जातात आणि कापड आवळून जाड होतं, आणि ते परत सुटत नाही. बाहेर आली ती नारळाच्या करवंटीएवढी कडक टोपी. फुंकर टेस्टमध्ये आता ती पहिल्या नंबराने पास होते, वारा अजिबात आत येत नाही. फक्त माझ्या कानापर्यंत पोचत नाही. बायको म्हणाली, "छान झालं, आता वजन करायला सोपी." सध्या ती भाच्याच्या डोक्यावर आहे, त्याच्या कानांवर बरोबर दुमडून बसते, आणि मी नवीन घेतलीये ती थंड पाण्यात हाताने धुतो, पिळत नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबतो आणि आडवी वाळत घालतो. वाळायला तिला दीड दिवस लागतो. तोपर्यंत हुकला दोनच गोष्टी असतात.